क्लाउडवरची जागा वाढवून मागणारं विभागाचं पत्र

गुगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनमध्ये 2022 पासून संपूर्ण संस्थेला मिळून मूळ 100 टीबी सामायिक जागा मिळते. एका विभागाला वाढवून दिलेली जागा त्यामुळे इतरांच्या वाट्यातून जाते. ‘जागा अपुरी पडते’ एवढ्या ओळीवर आयटी कार्यालय काहीच ठरवू शकत नाही. पत्रात हिशेब लागतो.

भूगोल विभागाचं उदाहरण घेऊ. सेंटिनेल-2 उपग्रहांची जोडी साधारण पाच दिवसांनी त्याच भागाची प्रतिमा घेते, म्हणजे वर्षाला सुमारे 73. पावसाळ्यातल्या ढगाळ प्रतिमा वगळून 45 उरल्या आणि प्रत्येक सुमारे 1 जीबीची धरली, तर चार चौकटींच्या तीन वर्षांच्या प्रतिमा 540 जीबी होतात.

पण इथेच जाणकार आयटीवाला अडवतो, आणि बरोबरच अडवतो: या मूळ प्रतिमा कोपर्निकसच्या संकेतस्थळावरून पुन्हा मोफत उतरवता येतात. त्या कायम जपायची गरज नाही. काम चालू असेपर्यंतची तात्पुरती जागा मागावी. पुन्हा मिळणार नाहीत ती शेतातली मोजमापं, ड्रोनचे फोटो आणि त्यांवरून तयार झालेले नकाशे. कायमची मागणी यांचीच, वेगळ्या आकड्यासह.

फाइली कुठे राहतील, हेही लिहावं. संशोधक विद्यार्थ्याच्या वैयक्तिक ड्राइव्हमधला डेटा त्याचं खातं बंद झालं की हातचा जाऊ शकतो. शेअर्ड ड्राइव्हमधल्या फाइली संस्थेच्या मालकीच्या राहतात. शेवटी जबाबदार प्राध्यापकाचं नाव आणि तात्पुरती जागा रिकामी करण्याची तारीख द्यावी. ही तारीख बहुतेक पत्रांत नसते.