महागाई उतरली, भाजी चढली

१२ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने जुलैच्या किरकोळ महागाईचा आकडा जाहीर केला : ३.५४ टक्के. जूनमध्ये हाच दर ५.०८ टक्के होता. जवळपास पाच वर्षांतला हा नीचांक, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘महागाई घटली’ असे ठळक मथळे आले. त्याच जुलैत पिशवी घेऊन मंडईत जाणाऱ्यांना मात्र वेगळाच अनुभव येत होता. भाजीपाला जूनपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी महागला होता. अनेकांची समजूत झाली, की सरकारी आकड्यांत काहीतरी गडबड आहे.

गडबड नव्हती. मंत्रालयाचा आकडाही खरा होता आणि मंडईतला अनुभवही. दोघांची तुलना मात्र वेगवेगळ्या महिन्यांशी होती. मंडईत गेलेला माणूस जुलैचा भाव जूनच्या भावाशी ताडून पाहत होता. ही झाली मासिक तुलना. मंत्रालयाचा महागाई दर जुलै २०२४ ची तुलना जुलै २०२३ शी करतो. ही वार्षिक तुलना. बातमीत ‘महागाई’ हा एकच शब्द येतो आणि तुलना कशाशी आहे हे बहुतेक वेळा गाळले जाते. घोटाळा तिथे होतो.

हे नीट समजायला त्या काळातले ग्राहक किंमत निर्देशांकाचे चार आकडे पुरेत. २०१२ सालची सरासरी किंमतपातळी १०० मानली, तर जून २०२३ मध्ये निर्देशांक १८१.० होता आणि जुलै २०२३ मध्ये १८६.३. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो १९०.२ आणि जुलैमध्ये १९३.० होता. (जुलै २०२४ चा आकडा पहिल्या प्रसिद्धीत १९२.९ होता, नंतर सुधारला गेला, त्यामुळे ३.५४ टक्क्यांचा दरही ३.६० झाला.) आता टक्केवारी काढू. नवा आकडा वजा जुना आकडा, भागिले जुना आकडा, गुणिले शंभर. जून ते जुलै २०२४ : १९०.२ वरून १९३.०, म्हणजे १.४७ टक्के वाढ. एका महिन्यासाठी ही वाढ मोठीच आहे. जुलै २०२३ ते जुलै २०२४ : १८६.३ वरून १९३.०, म्हणजे ३.६० टक्के.

भाव चढत असताना वार्षिक दर उतरला कसा, याचे उत्तर २०२३ च्या जुलैत सापडते. त्या महिन्यात निर्देशांकाने १८१.० वरून थेट १८६.३ वर उडी घेतली होती. एका महिन्यात २.९३ टक्के. कारण मुख्यतः टोमॅटो. उन्हाळ्यातली उष्णता, पिकावरचा विषाणू आणि नंतरचा पाऊस यांनी आवक कोसळली. नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव गेला आणि शहरांत किलोचा दर शंभरीच्या पार गेला. म्हणजे जुलै २०२४ ची तुलना ज्या महिन्याशी झाली, तो महिनाच कमालीचा महाग होता. उंच ओट्यावर उभ्या असलेल्या माणसाशेजारी उभे राहिले, तर आपली उंची कमीच वाटणार. अर्थतज्ज्ञ याला ‘बेस इफेक्ट’ म्हणतात.

यातून एक सोपा हिशेब निघतो आणि तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गेल्या महिन्याचा वार्षिक दर घ्यावा, त्यात या महिन्याची मासिक वाढ मिळवावी आणि गेल्या वर्षीच्या याच महिन्याची मासिक वाढ वजा करावी. ५.०८ अधिक १.४७ वजा २.९३ म्हणजे ३.६२. प्रत्यक्ष दर ३.६०. म्हणजेच वार्षिक दर खाली-वर होतो तो दोन कारणांनी : आत्ता काय घडले आणि बरोबर वर्षापूर्वी काय घडले होते. बातमी वाचताना आपण पहिलेच कारण धरून चालतो.

दोन महिन्यांनी हाच खेळ उलटा झाला. ऑगस्ट २०२४ चा वार्षिक दर ३.६५ टक्के होता. सप्टेंबरमध्ये तो एकदम ५.४९ टक्क्यांवर गेला. ‘महागाईचा भडका’ असे मथळे आले. पण ऑगस्टचा निर्देशांक १९३.० आणि सप्टेंबरचा १९४.२, मासिक वाढ अवघी ०.६२ टक्के, जुलैतल्या वाढीच्या निम्म्याहूनही कमी. मग भडका कसला? सप्टेंबर २०२३ मध्ये टोमॅटो गडगडला होता. ज्या पिकाने जुलैत शेतकऱ्याला विक्रमी भाव दिला, त्याच पिकाचा तोडणीचा खर्च निघेना. निर्देशांक १८६.२ वरून १८४.१ वर उतरला होता. तुलनेचा पाया खचला, म्हणून वरचा आकडा उंच दिसला. जुलैत भाव जोरात चढले तेव्हा दर घटल्याची बातमी आली. सप्टेंबरात भाव हळू चढले तेव्हा दर भडकल्याची. घरखर्चाचा मेळ घालणाऱ्या माणसाला दोन्ही वेळा फक्त वार्षिक दर सांगणे हे त्याच्यावर अन्यायाचे आहे.

असे असेल, तर वार्षिक तुलना टाकून मासिकच का वापरू नये? कारण मासिक तुलनेतही तितकाच मोठा खड्डा आहे, आणि तो ऋतूंचा आहे. पावसाळ्यात भाजी दरवर्षी महागते आणि थंडीत स्वस्त होते. जूनची जुलैशी तुलना केली, तर त्या वाढीत पावसाळ्याचा वाटा किती आणि खऱ्या महागाईचा किती, हे कळत नाही. डिसेंबरात भाजी उतरली म्हणून महागाई आटोक्यात आली असे म्हणणेही तितकेच फसवे. जुलैची तुलना जुलैशी केली, की दोन्हीकडे पावसाळा असतो आणि ऋतूचा परिणाम बराचसा कटून जातो. वार्षिक तुलनेचे खरे बळ हेच.

महिन्यांची लांबीही सारखी नसते. रोज शंभर लिटर दूध विकणारा दूधवाला फेब्रुवारीत २,८०० लिटर विकतो आणि मार्चमध्ये ३,१००. धंद्यात काडीचाही बदल झालेला नाही, तरी मासिक वाढ १०.७ टक्के दिसते. इथे महिन्याच्या बेरजेऐवजी रोजची सरासरी घेतली, की भ्रम लगेच दूर होतो.

मासिक आकड्यातून ऋतू वेगळा काढायच्या संख्याशास्त्रीय पद्धती आहेत. अनेक वर्षांचे आकडे पाहून जुलैत एरवी किती वाढ होते याचा अंदाज बांधतात आणि तेवढी वाढ वजा करतात. अमेरिकेत महागाईचा मासिक दर असा ऋतुमान वगळूनच ठळकपणे दिला जातो. आपल्याला घरबसल्या याची ढोबळ आवृत्ती करता येते : या जुलैची मासिक वाढ आधीच्या जुलैंच्या मासिक वाढीशेजारी ठेवायची. २०२२ मध्ये ती सुमारे ०.४६ टक्के होती, २०२३ मध्ये २.९३ आणि २०२४ मध्ये १.४७. ही तीन वर्षे शेजारी ठेवली, की २०२४ चा जुलै २०२३ इतका भयंकर नव्हता, पण सौम्यही नव्हता, हे लगेच दिसते. एकट्या ३.५४ टक्क्यांतून ते दिसले नसते.

वार्षिक तुलना न्याय्य ठरण्यासाठी दोन्ही वर्षांतला तो महिना सारखा असावा लागतो. आपल्याकडे ही अट सणांमुळे वारंवार मोडते. आपले सण चांद्र पंचांगाने चालतात. ते दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतात आणि अधिक मास आला की पुढे सरकतात. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, म्हणून दसरा २४ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरलाच होऊन गेली. समजा, एका दुचाकी शोरूमने २०२३ च्या ऑक्टोबरात १२० आणि नोव्हेंबरात २०० गाड्या विकल्या. २०२४ मध्ये ऑक्टोबरात २३० आणि नोव्हेंबरात ११०. वार्षिक तुलनेने ऑक्टोबरात ९२ टक्के वाढ आणि नोव्हेंबरात ४५ टक्के घट दिसेल. दोन्ही आकडे गणिताने बरोबर आणि अर्थाने निरुपयोगी, कारण बदल गिऱ्हाइकांत झाला नसून पंचांगात झाला आहे. दोन्ही महिने एकत्र धरले, की ३२० च्या ३४० गाड्या झाल्या, म्हणजे सव्वासहा टक्के वाढ. सणासुदीच्या विक्रीची बातमी वाचताना ऑक्टोबर आणि नोव्हेंबर एकत्र आहेत का, हे आधी पाहावे. गुढीपाडव्याचेही तसेच, २०२४ मध्ये तो ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला.

तुलनेचे आधीचे वर्षच मोडलेले असेल, तर वार्षिक टक्केवारी पार निरर्थक होते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे कारखाने बंद होते आणि औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक ५४ पर्यंत कोसळला. एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या अंदाजानुसार तो १२६.६ होता, वार्षिक वाढ १३४ टक्के! उद्योगांनी मात्र काही दुपटीहून मोठी भरारी घेतलेली नव्हती. एप्रिल २०१९ मध्ये निर्देशांक जवळपास इतकाच होता, म्हणजे दोन वर्षांनी गाडी मूळ जागी आली होती. अशा वेळी सरळ दोन वर्षे मागे जाऊन तुलना करणे प्रामाणिकपणाचे. मार्चशी मासिक तुलना करण्यातही अडचण होतीच, कारण आर्थिक वर्ष संपताना मार्चमध्ये उत्पादन एरवीही वाढते आणि एप्रिलमध्ये उतरते.

म्हणून दोन्ही तुलनांची कामे वाटून द्यावीत. पगारवाढ, पेन्शन, वर्षभराच्या घरखर्चाचा अंदाज यांसाठी वार्षिक दर योग्य. वर्षभरात पैशाची किंमत किती उतरली ते तो सांगतो. भाव नुकतेच वळले का, हे पाहायचे असेल, तर मासिक बदल लागतो, कारण वार्षिक दरात गेल्या बारा महिन्यांचे ओझे असते आणि वळण त्यात उशिरा उमटते. पण मासिक बदल एकटा घेऊ नये. तो आधीच्या वर्षांतल्या त्याच महिन्याच्या मासिक बदलाशेजारी ठेवावा.

महागाईच्या सरकारी पत्रकात दराबरोबर निर्देशांकही छापलेले असतात. पुढच्या वेळी मथळा वाचल्यावर चार आकडे कागदावर उतरवा : या वर्षीचा हा महिना आणि त्याआधीचा महिना, गेल्या वर्षीचे तेच दोन महिने. दोन वजाबाक्या आणि दोन भागाकारांत कळेल, की दर हलला तो आजच्या बाजाराने की वर्षापूर्वीच्या. बातमी देणाऱ्यांनीही एवढे करावे. दर घटला असे लिहिताना त्याच ओळीत ‘गेल्या महिन्यापेक्षा भाव दीड टक्क्याने वाढले’ असे लिहिले असते, तर जुलै २०२४ मध्ये मंडईतल्या माणसाला सरकारी आकडा खोटा वाटला नसता.