पान्याचा दिवा आणि ऑइलचा हिशोब

डॅशबोर्डवर उमटणारे पान्याचे चिन्ह म्हणजे बहुतेक गाड्यांत उलटा मोजत जाणारा एक आकडा असतो. शेवटच्या रीसेटनंतर ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक महिने, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा तो पेटतो. ऑइल काळे पडले की पातळ झाले, हे त्याला कळत नाही. काही गाड्या इंजिनाचे फेरे आणि तापमान यांवरून ऑइलचे उरलेले आयुष्य टक्क्यांत दाखवतात. पण तोही अंदाजच, आणि त्याचीही सुरुवात कुणीतरी रीसेट केल्यापासूनच होते. तेलाच्या बुधलीसारखा दिसणारा लाल दिवा मात्र अगदी वेगळा. तो ऑइलचा दाब घसरल्याचे सांगतो. तो पेटल्यास गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे लागते.

किलोमीटरच्या जोडीला महिने कशासाठी, हा प्रश्न कमी चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांना नेहमी पडतो. घरापासून बाजारापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरेसे तापत नाही. आत साचलेली वाफ आणि न जळता ऑइलमध्ये उतरलेले इंधन उडून जायला वेळच मिळत नाही. आम्ल वाढते आणि ऑइलचा कस उतरतो. उलट बाजूने, ओडोमीटर इंजिनाचे सगळे कष्ट मोजत नाही. सरासरी ताशी 60 किलोमीटर वेगाने 10,000 किलोमीटर कापायला इंजिन सुमारे 167 तास चालते. शहरी कोंडीत सरासरी 20 वर आली की तेवढ्याच अंतराला 500 तास लागतात. म्हणूनच अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत धूळ, कोंडी आणि छोट्या फेऱ्यांसाठी वेगळे, कमी अंतराचे वेळापत्रक दिलेले असते. ते पान फारसे कुणी उघडत नाही.

रीसेटची पद्धत प्रत्येक मॉडेलची निराळी. टोयोटाच्या अनेक जुन्या गाड्यांत डिस्प्लेवर ट्रिप ‘A’ आणून चावी बंद करायची, ट्रिपचे बटण दाबून धरायचे, तसेच चावी पुन्हा ‘ON’ करायची आणि शून्ये दिसेपर्यंत बटण सोडायचे नाही. नव्या गाड्यांत हेच काम मेनूतून होते, तर काहींना गॅरेजमधला स्कॅनर लागतो. अवघड काहीच नाही, आणि घोळ होतो तो त्यामुळेच: ऑइल न बदलताही रीसेट करता येतो, आणि बदलूनही तो विसरता येतो.

समजा, एका गाडीचे ऑइल 15 जून 2024 रोजी 42,300 किलोमीटरवर बदलले आणि कंपनीची मर्यादा 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष आहे. पुढची पाळी 52,300 किलोमीटरवर किंवा 15 जून 2025 रोजी. गाडी महिन्याला 600 किलोमीटर चालत असेल, तर वर्षअखेरीस काटा 49,500 वर असेल, म्हणजे तारीखच आधी येईल. आता ऑक्टोबर 2024 मध्ये 44,700 वर ब्रेक पॅड बदलताना मेकॅनिकने सवयीने दिवाही रीसेट केला. ऑइल तेच, पण दिवा आता ऑक्टोबर 2025 पर्यंत गप्प राहणार, म्हणजे चार महिने उशीर.

ही चूक पकडायला एक बेरीज पुरते. ओडोमीटर 46,500 दाखवतो आणि डॅशबोर्डवर पुढच्या सर्व्हिसला 8,200 किलोमीटर बाकी दिसतात, बेरीज 54,700. नोंदीत मात्र 52,300 लिहिलेले. दोन आकडे जुळले नाहीत, की मधे कुणीतरी रीसेट केला असे समजावे आणि नोंद खरी मानावी.

ही नोंद ठेवायला फ्युएलिओ किंवा ड्रायव्होसारखी अ‍ॅप उपयोगी पडतात. ऑइल बदलल्याची तारीख, ओडोमीटरचा आकडा आणि ऑइलचा ग्रेड लिहायचा, मग अंतर आणि मुदत अशा दोन्ही आठवणी लावायच्या. गाडीला जोडलेले नसेल तर अ‍ॅपला ओडोमीटर आपोआप दिसत नाही. शेवटचा लिहिलेला आकडा तेवढा त्याला ठाऊक असतो. म्हणून दर वेळी पेट्रोल भरताना आकडा टाकणारा अ‍ॅपचा खरा फायदा घेतो. वर्षातून एकदाच अ‍ॅप उघडणाऱ्याला निदान तारखेची आठवण मिळते, किलोमीटरची नाही. घाईत 46,500 ऐवजी 4,65,000 टाकले, तर पाळी कधीच उलटून गेल्याचा इशारा येतो. अशा वेळी गॅरेज गाठण्याआधी शेवटची नोंद तपासावी. फोनच्या बॅटरी-बचतीच्या सेटिंगमुळे इशारा अडकतो, आणि बॅकअप नसेल तर फोनबरोबर सगळी वहीच जाते.

वॉरंटीच्या दाव्यात मात्र अ‍ॅपमधल्या नोंदीच्या भरवशावर राहू नये. तारीख आणि किलोमीटर लिहिलेली गॅरेजची पावती जपून ठेवावी.