परदेशी शिक्षणाची कागदपत्रे : भाग ४
कोड तोच, विषय वेगळा

मागच्या भागात आपण ट्रान्सक्रिप्ट पाहिले. त्यात विषयाचे नाव आणि गुण असतात, पण त्या विषयात नेमके काय शिकवले हे कळत नाही. जर्मनीतल्या अनेक विद्यापीठांना तेच हवे असते. मास्टर्सच्या अर्जात ती आपल्या विषयांची त्यांच्या बॅचलरशी तुलना करतात. म्हणूनच ती कॉलेजकडून साक्षांकित अभ्यासक्रम मागतात.

इथली नेहमीची चूक पॅटर्नची असते. समजा, एका मुलीने २०१८ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एका संलग्न कॉलेजात मेकॅनिकलला प्रवेश घेतला. ती २०१५ पॅटर्नमध्ये शिकली. कार्यालयाने मात्र संकेतस्थळावरून नवा, २०१९ पॅटर्नचा अभ्यासक्रम उतरवून त्यावर शिक्के मारले. तिच्या तिसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेत ३०२०४१ या कोडपुढे ‘डिझाइन ऑफ मशीन एलिमेंट्स-१’ आहे. नव्या पॅटर्नमध्ये त्याच कोडखाली ‘न्यूमरिकल अँड स्टॅटिस्टिकल मेथड्स’ आहे. तिकडच्या तपासनिसाला त्या कोडखाली मशीन डिझाइन सापडणार नाही. म्हणून नुसता कोड जुळवून थांबू नका. नाव, कोड आणि पॅटर्नचे वर्ष ही तिन्ही गुणपत्रिकेशी ताडून पाहा.

मग गठ्ठा लावा. वर सत्रवार विषयांची यादी, त्यामागे त्याच क्रमाने प्रत्येक विषयाचे पान. त्या पानावर तास, क्रेडिट, युनिट आणि संदर्भपुस्तके हवीत. ऐच्छिक विषयांपैकी तुम्ही घेतलेलेच ठेवा. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी पहिल्या वर्षाची पाने जोडू नयेत. ते वर्ष तुम्ही या कॉलेजात शिकलाच नाहीत. त्याऐवजी डिप्लोमाची गुणपत्रिका आणि अभ्यासक्रम द्या.

दुसरा कागद माध्यमाच्या दाखल्याचा. तो कॉलेजच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारखेसह घ्या. त्यात नाव गुणपत्रिकेप्रमाणे, पदवी, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, आणि शिकवण्याचे व परीक्षेचे माध्यम इंग्रजी होते, हे स्पष्ट असावे. ‘इंग्रजी उत्तम आहे’ असे शिफारसवजा वाक्य इथे चालत नाही, कारण दाखला भाषेच्या प्रभुत्वाचा नसून माध्यमाचा असतो. सहीखाली प्राचार्यांचे नाव, हुद्दा आणि कॉलेजचा अधिकृत ईमेल हवा, म्हणजे तिकडून पडताळणी करता येते.

हा दाखला आयईएलटीएसऐवजी चालेलच असे नाही. काही विद्यापीठे तो मान्य करतात, काही नाही. एकाच विद्यापीठातले दोन अभ्यासक्रमही वेगळे वागतात. तेव्हा कार्यालयात अर्ज देण्याआधी त्या अभ्यासक्रमाच्या भाषेच्या अटी वाचा, आणि कागद हाती पडला की खिडकीपाशी उभे राहूनच तो गुणपत्रिकेशी जुळवून घ्या.