‘२०२० मॉडेल, सिंगल ओनर’ म्हणजे नेमकं काय? ग्वाल्हेरच्या जुन्या गाड्यांची जाहिरात आरसी पाहून कशी लिहितात

मेळ्यात गाडी घ्यायची, हा मध्य प्रदेशातल्या कितीतरी घरांचा वर्षभर ठरवलेला बेत असतो. १९०५ साली माधवराव शिंदे यांच्या काळात सुरू झालेल्या ग्वाल्हेर व्यापार मेळ्यात अलीकडच्या अनेक वर्षी खासगी गाड्यांच्या रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट मिळाली आहे. सुटीसाठी गाडीची नोंदणी ग्वाल्हेरच्या आरटीओत व्हावी लागते. त्यामुळे लांबलांबच्या गावांतले लोकही मेळ्यातून एमपी ०७ नंबरची गाडी घरी नेतात.

नवी गाडी आली की जुनी एक्स्चेंजमध्ये जाते. ती पुढे जुन्या गाड्यांच्या दुकानात उभी राहते आणि त्या आठवड्याच्या यादीत चढते. मग दुकानातला कुणीतरी मोबाईल हातात घेऊन तिच्यावर चार ओळी लिहितो. ‘चकाचक कंडिशन, सिंगल हँड, मेले की गाड़ी, २०२० मॉडेल, सिर्फ सीरियस ग्राहक संपर्क करें.’ त्याच चार ओळी व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत बालाघाटमार्गे गोंदियात किंवा बऱ्हाणपूरमार्गे जळगावातही पोचतात.

घोटाळा होतो तो या ओळींतच. दर वेळी लिहिणारा खोटारडा असतो असं नाही. तो गाडीकडे बघून लिहितो, कागदाकडे बघून लिहीत नाही, एवढंच. जुन्या गाडीचं वर्णन आधी आरसीवरून लिहायचं आणि मग गाडी बघून पूर्ण करायचं, हा क्रम पाळला तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

‘मॉडेल’ या शब्दातला घोळ

आरसीवर दोन वेगवेगळ्या तारखा असतात. एक गाडी तयार झाल्याचा महिना आणि वर्ष, दुसरी नोंदणीची तारीख. एरवी या दोन्हींत फार अंतर नसतं. पण मेळा भरतो हिवाळ्यात, वर्ष बदलतं त्याच सुमारास. जानेवारीत विकली गेलेली गाडी पुष्कळदा आदल्या वर्षी कारखान्यातून निघालेली असते. विकणारा तिला नोंदणीचं वर्ष लावतो, घेणारा बनावटीचं वर्ष शोधतो. दोघंही तिला ‘मॉडेल’च म्हणतात आणि भावात अडकतात.

यावर उपाय सोपा आहे. ‘मॉडेल’ हा शब्द वापरायचाच नाही. ‘बनावट ऑक्टोबर २०१९, नोंदणी जानेवारी २०२०’ असं दोन्ही लिहायचं. ग्राहक फोनवर विचारणारच असतो, ते आधीच सांगून झालेलं बरं.

‘सिंगल ओनर’चंही तसंच. आरसीत मालकाचा क्रमांक असतो. गाडी वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर झाली असेल, तर घर तेच असलं तरी कागदावर मुलगा दुसरा मालक ठरतो. ‘घरातलीच गाडी’ म्हणून दुकानदार ‘फर्स्ट ओनर’ लिहितो. ग्राहक एमपरिवहन ॲपवर नंबर टाकतो, तिथे दुसरा क्रमांक दिसतो, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो. अशा गाडीला ‘दुसरा मालक, वडिलांकडून मुलाकडे’ असं लिहिलं तर ती वाईट दिसत नाही, उलट चांगली दिसते.

आणि एमपी ०७ नंबर आहे म्हणून गाडी ग्वाल्हेरातच चालली, असंही समजू नये. मेळ्यातून ती कुठेही गेलेली असू शकते. ‘ग्वाल्हेरात चाललेली’ लिहायचं तर सर्व्हिसची बिलं कुठली आहेत ते आधी बघावं.

एक गाडी, सुरुवातीपासून

समजा, या आठवड्यात यादीत एक मारुती विटारा ब्रेझा व्हीडीआय आली आहे. दुकानदाराने तोंडी सांगितलं ते असं: ‘२०२० मॉडेल, टॉप कंडिशन, ६२ हजार चाललेली, अलॉय व्हील, टचस्क्रीन, इन्शुरन्स चालू.’

लिहिणाऱ्याने पहिल्यांदा आरसी उघडायची. बनावट ऑक्टोबर २०१९, नोंदणी जानेवारी २०२०, मालक पहिला, इंधन डिझेल, उत्सर्जनाचा दर्जा बीएस ४. हा शेवटचा तपशील बारीक वाटतो, पण ग्वाल्हेरात तो मोलाचा आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस ६ लागू झालं. ही गाडी त्याच्या जेमतेम आधीची. दिल्ली इथून साधारण सव्वातीनशे किलोमीटर. दिल्लीत प्रदूषण वाढून निर्बंधांचा तिसरा टप्पा लागला की बीएस ४ डिझेल चारचाकींवर बंदी येते. ज्याला महिन्यातून दोनदा दिल्लीला जायचंय, त्याला हे गाडी घेतल्यावर कळणं म्हणजे फसवणूकच.

मग गाडीपाशी जायचं. व्हीडीआय या प्रकारात कंपनीकडून अलॉय व्हील येत नाहीत, म्हणजे ती नंतर बसवलेली आहेत. टचस्क्रीनही बाहेरून बसवलेला. यात लपवण्यासारखं काही नाही, पण नुसतं ‘अलॉय, टचस्क्रीन’ लिहिलं की वाचणाऱ्याला ही वरच्या दर्जाची झेडडीआय प्लस वाटते. म्हणून ‘मालकाने बसवलेले’ हे शब्द तिथेच हवेत.

त्यानंतर टायर. प्रत्येक टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ४११९ असेल तर टायर २०१९ सालच्या ४१व्या आठवड्यातलं, म्हणजे गाडीबरोबर आलेलं. समजा, ब्रेझाच्या पुढच्या दोन टायरांवर २२२३ आहे आणि मागच्या दोनांवर ४११९. मग ‘टायर नवे’ लिहिता येत नाही. ‘पुढचे दोन २०२३चे, मागचे दोन मूळचे, बदलावे लागतील’ असं लिहावं लागतं.

किलोमीटरचा आकडा मीटरवरून उतरवला तर तो फक्त आजचा आकडा झाला. खरा पडताळा सर्व्हिसच्या बिलांवर. प्रत्येक बिलावर त्या दिवशीचं किलोमीटर छापलेलं असतं. समजा २०२३च्या बिलावर ५८ हजार आहे आणि आज मीटर ६२ हजार दाखवतोय. गाडी नंतर कमी चालली असेल, नाहीतर मीटर मागे फिरवला असेल. बिलं २०२३ला थांबली असतील, तर जाहिरातीत तेवढंच लिहायचं: ‘मीटरवर ६२ हजार, कंपनीच्या सर्व्हिसची नोंद २०२३पर्यंत, ५८ हजारांपर्यंत.’ ‘किलोमीटर गॅरंटी’ हे शब्द लिहिणाऱ्याच्या हातात नसतात.

शेवटी विमा. ‘इन्शुरन्स चालू’ यातून काहीच कळत नाही. फक्त थर्ड पार्टी आहे की गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचाही, आणि कधीपर्यंत, हे लिहावं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. त्यामुळे ‘५० टक्के बोनससह’ असली ओळ जुन्या गाडीच्या जाहिरातीत चुकीचीच.

एवढं झालं की पोस्ट तयार. ग्वाल्हेरात ती हिंदीत जाईल. मराठीत तिचा आशय असा:

‘मारुती विटारा ब्रेझा व्हीडीआय, डिझेल, बीएस ४. मागणी ५ लाख ६० हजार.
बनावट ऑक्टोबर २०१९, नोंदणी जानेवारी २०२०, एमपी ०७, पहिला मालक.
मीटरवर ६२ हजार; सर्व्हिसची नोंद २०२३पर्यंत, ५८ हजारांपर्यंत.
अलॉय व टचस्क्रीन मालकाने बसवलेले. मागचे दोन टायर बदलावे लागतील.
फक्त थर्ड पार्टी विमा, डिसेंबरपर्यंत. कर्जाचा बोजा नाही.’

पहिल्या ओळीत गाडी आणि किंमत आहे, कारण मोबाईलवर पोस्ट पूर्ण उघडण्याआधी तेवढंच दिसतं. ‘किंमत फोनवर’ लिहिलं की फोन जास्त येतात, पण त्यातले बहुतेक नुसते भाव विचारणारे असतात. ‘चकाचक’ कुठेच नाही. ते काम फोटो करतो. आरसीचा फोटो मात्र पोस्टमध्ये टाकू नये, त्यावर मालकाचं नाव, पत्ता आणि चेसिस नंबर असतो.

दर आठवड्याला होणारी चूक

एकेक गाडी नीट लिहूनही आठवड्याची यादी बिघडते, कारण मागच्या आठवड्याची पोस्ट कॉपी करून तिच्यात फक्त नाव आणि किंमत बदलली जाते. मग डिझेल गाडीखाली ‘कंपनी फिटेड सीएनजी’ राहून जातं, नाहीतर संपलेला विमा ‘चालू’ राहतो.

म्हणून एकच तक्ता ठेवावा. एका गाडीला एक ओळ, आणि शेवटच्या रकान्यात तिची अवस्था: आली, तयार, टोकन, विकली. पोस्ट नेहमी तक्त्यातून लिहायची, जुन्या पोस्टमधून नाही. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची खबर नमुना २९सी भरून आरटीओला द्यावी लागते. ती गेल्याशिवाय गाडी ‘तयार’मध्ये घेऊ नये. आणि टोकन मिळालं की त्याच दिवशी पोस्टवर तसं लिहावं. विकलेली स्वस्त गाडी दाखवून माणूस बोलवायचा आणि दुसरी गळ्यात मारायची, हा प्रकार ग्राहक ओळखतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणंही येतं.

सीमेपलीकडून गाडी आणायची असेल तर

ग्वाल्हेरची पोस्ट महाराष्ट्रात वाचणाऱ्यासाठी सर्वांत महाग ओळ असते ती ‘एनओसी मिळेल’ ही. एनओसी म्हणजे नमुना २८. मूळ आरटीओ ती देते. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचा बोजा नमुना ३५ने उतरवावा लागतो. त्यानंतर इथल्या आरटीओत नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो. मेळ्यात मध्य प्रदेशाचा कर अर्धा भरला होता, म्हणून महाराष्ट्राचा कर अर्धा होत नाही.

म्हणून चांगली पोस्ट लिहिणारा शेवटी अजून एक ओळ घालतो: ‘राज्याबाहेर न्यायची असल्यास एनओसी आम्ही काढून देऊ, तिकडचा कर आणि नोंदणी खरेदीदाराची.’ ती ओळ पोस्टमध्ये नसेल, तर टोकन देण्याआधी दुकानदाराकडून तेवढं लिहून मागावं.