फरक बावीस हजारांचा, बिलं चोवीस हजारांची

महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतं. पुरवठादारांनी आपापल्या विक्रीच्या विवरणपत्रात जी बिलं दाखवली, त्यांवरून खरेदीदाराला किती इनपुट क्रेडिट मिळणार याचा हा हिशेब. बहुतेक दुकानदार त्याच्या सारांशाचा स्क्रीनशॉट काढतात आणि अकाउंटंटला व्हॉट्सअ‍ॅप करतात. तिकडून उत्तर येतं, ‘जुळत नाही.’

१ जानेवारी २०२२ पासून कायद्यातलं कलम १६(२)(एए) लागू आहे. पुरवठादाराने दाखवलेलं बिल २बी मध्ये आलं, तरच त्याचं क्रेडिट घेता येतं. माल दुकानात आला, पैसे चुकते झाले, पक्कं बिल फाइलला लागलं, तरीही पोर्टलवर नसेल तर तो कर तूर्त स्वतःच्या खिशातून भरावा लागतो.

समजा, इचलकरंजीतल्या एका इलेक्ट्रिकल दुकानाचा मे महिना आहे. टॅलीतून एक्सेलमध्ये काढलेल्या खरेदी रजिस्टरमध्ये आयजीएसटी ५४,००० आणि सीजीएसटी, एसजीएसटी प्रत्येकी १,२०,६०० रुपये. स्क्रीनशॉटमध्ये आयजीएसटी ४९,५०० आणि उरलेले दोन प्रत्येकी १,११,६००. एकूण फरक २२,५०० रुपये.

इथे घाई करून चालत नाही. आधी स्क्रीनशॉट त्याच महिन्याचा आणि २बीचाच आहे ना, ते पाहायचं, कारण २ए सतत बदलत राहतं. क्रेडिट नोटा सारांशात वेगळ्या दाखवलेल्या असतात, रजिस्टरमध्ये त्या खरेदीतून वजा झालेल्या असू शकतात. मग एक्सेलची बेरीज टॅलीतल्या बेरजेशी ताडून घ्यायची. एक्सेलमध्ये काही रकमा आकडा न राहता मजकूर बनतात आणि बेरजेतून गुपचूप वगळल्या जातात. रजिस्टर कागदी बिलं स्कॅन करून बनवलं असेल, तर शून्याच्या जागी इंग्रजी ओ वाचलेला सापडतो. जीएसटी क्रमांकात पंधराच अक्षरं हवीत, ही सोपी चाचणी गळलेली किंवा जास्तीची अक्षरं पकडते, पण शून्याच्या जागी आलेला ओ तिला सापडत नाही.

स्क्रीनशॉटमध्ये बिलांची नावनिशी नसते, पण करांचे रकाने वेगळे असतात आणि तिथेच पहिला धागा मिळतो. आयजीएसटीचा ४,५०० चा फरक म्हणजे १८ टक्क्यांनी २५,००० चा परराज्यातला माल. रजिस्टरमध्ये त्या रकमेचं एकच बिल निघतं, गुजरातच्या व्यापाऱ्याचं. तो तिमाही विवरणपत्र भरणारा आहे आणि मे महिन्याची बिलं त्याने १३ जूनपर्यंत ऐच्छिक सुविधेतून चढवली नाहीत. ती जुलैत येतील. हे क्रेडिट बुडालेलं नाही, लांबलं आहे.

सीजीएसटीतला ९,००० चा फरक मात्र फसवा निघतो. त्या कराचं एकही बिल रजिस्टरमध्ये नाही. आता स्क्रीनशॉट बाजूला ठेवून २बीची एक्सेल फाइल उतरवावीच लागते. बिल क्रमांकावरून जुळवायला गेलं तर गोंधळ होतो, कारण एकाने ‘INV/045/25-26’ लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याने नुसतं ‘45’. म्हणून आधी जीएसटी क्रमांक आणि करपात्र रक्कम घ्यायची. रजिस्टरच्या आणि पोर्टलच्या पानांवर या दोन गोष्टी A आणि D रकान्यांत ठेवल्या, तर सूत्र असं:

```
=COUNTIFS(Portal!A:A,A2,Portal!D:D,D2)
```

उत्तर शून्य आलं तर ते बिल पोर्टलवर सापडलेलं नाही. रकमा आधी रुपयात पूर्णांक करून घ्याव्यात, नाहीतर पैशांच्या फरकाने चांगली बिलंही गळतात. एकाच पार्टीची सारख्या रकमेची दोन बिलं असतील, तर एक हरवलेलं असूनही सूत्र दोन्ही सापडल्याचं दाखवतं. अशा जोड्या डोळ्यांनी तपासाव्या लागतात.

गुजरातच्या बिलाखेरीज शून्य येतं दोन बिलांपुढे: एक ६०,००० चं, एक ५०,००० चं. त्यांचा सीजीएसटी ९,९००. मग फरक ९,००० कसा? हेच सूत्र उलट्या बाजूने, पोर्टलच्या यादीवर चालवलं की उत्तर मिळतं. पोर्टलवर १०,००० चं एक बिल आहे, जे रजिस्टरमध्ये नोंदलेलंच नाही. त्याच्या ९०० रुपयांनी हरवलेल्या बिलांपैकी तेवढी रक्कम झाकून टाकली होती. तिन्ही बिलांचा गहाळ कर प्रत्यक्षात २४,३०० आहे. नुसती बेरीज ताडून थांबणारे फसतात ते इथेच, आणि फरक शून्य आला तरी आत असं काही दडलेलं असू शकतं.

६०,००० वाल्या पुरवठादाराने बिल भलत्याच ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकावर चढवलं होतं. पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये तो दुरुस्ती करू शकतो. त्याच्याशी बोलताना बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम पाठवली की काम लवकर होतं. नोंद नसलेल्या बिलाचा माल खरंच आला असेल तर ते रजिस्टरमध्ये घ्यायचं, नसेल तर पोर्टलच्या इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिममध्ये नाकारायचं. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असंच धरलं जातं.

५०,००० वाल्याने मे महिन्याचं विवरणपत्रच भरलेलं नाही. त्याच्यापुढे खरेदीदाराचा कायद्याने काही जोर चालत नाही. म्हणून बरेच दुकानदार अशा पार्टीला मालाचे पैसे देतात आणि कराचे ९,००० रुपये बिल २बी मध्ये दिसेपर्यंत थांबवून ठेवतात, तेही आधी तसं बोलून. वाट पाहण्यालाही मुदत आहे. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरलं तर तोपर्यंतच, त्या वर्षाच्या बिलांचं क्रेडिट घेता येतं.