झेड लाइन ३७, हायटस ३९

एंडोस्कोपीचा रिपोर्ट हातात पडला की नजर सरळ शेवटच्या ओळीवर जाते. ‘इम्प्रेशन’च्या पुढे लिहिलेलं असतं : माइल्ड अँट्रल गॅस्ट्रायटिस, स्मॉल हायटस हर्निया. गॅस्ट्रायटिस निदान ऐकून तरी माहीत असतो, पण ‘हर्निया’ वाचून पोटात गोळा येतो, कारण नात्यातल्या कुणाचं तरी हर्नियाचं ऑपरेशन झालेलं असतंच. पण पुढे काय करायचं हे ठरवणारी माहिती त्या ओळीच्या वर असते, आणि ती थोड्या धीराने वाचली तर कुणालाही कळू शकते.

एक नमुना घेऊ. कोल्हापुरातल्या ४४ वर्षांच्या एक बाई आहेत, शिवणकाम करतात, असं समजा. रात्री जेवून आडवं झालं की छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येतं. गुडघे दुखतात म्हणून आठवड्यातून तीन-चार वेळा डायक्लोफेनॅकची गोळी घेतात. जळजळीवर पँटोप्रॅझोल दोन महिने चालू आहे, तपासणीच्या आदल्या दिवशीही घेतली होती. रिपोर्टमध्ये लिहिलंय : अन्ननलिकेचं अस्तर नॉर्मल. झेड लाइन ३७ सेंमी, हायटस ३९ सेंमी. हिल ग्रेड २. जठराच्या अँट्रम भागात सौम्य लाली, बाकी जठर नॉर्मल. आरयूटी निगेटिव्ह. ड्युओडेनम नॉर्मल.

आधी आकडे. दुर्बिणीच्या नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात आणि अंतर समोरच्या दातांपासून मोजतात. अन्ननलिकेचं फिकट अस्तर संपून जठराचं लालसर अस्तर जिथे सुरू होतं, ती वेडीवाकडी सीमा म्हणजे झेड लाइन. हायटस म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलातलं भोक, ज्यातून अन्ननलिका खाली उतरते. तिथे दुर्बिणीतून चिमटा काढल्यासारखी आवळलेली जागा दिसते, म्हणून काही रिपोर्टमध्ये तिला ‘डायफ्रॅमॅटिक पिंच’ म्हणतात. एरवी या दोन जागा जवळपास एकाच पातळीवर असतात. या बाईंची सीमा ३७ वर आणि चिमटा ३९ वर आहे, म्हणजे जठराचा २ सेंमी भाग श्वासपटलाच्या वर सरकलेला आहे. हर्निया तो एवढाच. तो सरकणारा, म्हणजे ‘स्लायडिंग’ प्रकारचा असतो. जांघेतल्या हर्नियासारखं आतडं त्यात अडकत नाही आणि एवढ्याशासाठी कुणी ऑपरेशन सुचवत नाही.

दोन सेंटिमीटरचा हा आकडा दगडावरची रेघ नाही. श्वास घेताना, गिळताना, उमासे येताना ही सीमा वर-खाली होते, आणि तपासणीसाठी पोटात हवा भरलेली असते. त्यामुळे एवढा लहान हर्निया एका डॉक्टरांना दिसतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांना दिसत नाही, असंही होतं. दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टमध्ये हर्निया नव्हता आणि आता आहे, म्हणून आजार वाढला असं त्यावरून म्हणता येत नाही.

‘हिल ग्रेड’ ही नोंद मात्र सहसा कुणी वाचत नाही, आणि मला ती महत्त्वाची वाटते. दुर्बीण जठरात उलटी वळवून वरचं दार खालून पाहतात. तिथे अस्तराची एक घडी नळीला बिलगून असते आणि तीच झडपेचं काम करते. ग्रेड १ मध्ये घडी घट्ट असते. ग्रेड २ मध्ये ती जराशी सैल असते, श्वासाबरोबर मधूनच उघडते, पण लगेच मिटते. ग्रेड ४ मध्ये दार उघडंच राहतं. या बाईंची झडप थोडी सैल आहे, आणि आडवं झाल्यावर आम्ल वर का येतं याचा धागा तिथे मिळतो. अन्ननलिकेचं अस्तर नॉर्मल आहे म्हणून जळजळ खोटी ठरत नाही. जळजळ असणाऱ्या बऱ्याच जणांचं अस्तर नॉर्मलच दिसतं, शिवाय दोन महिन्यांच्या पँटोप्रॅझोलने बारीक ओरखडे भरूनही आले असतील. अस्तर सोललेलं असतं तर तिथे ‘एलए ग्रेड’ लिहिला असता. त्यात ए सर्वांत सौम्य आणि डी सर्वांत तीव्र.

आता गॅस्ट्रायटिस. अँट्रम म्हणजे जठराचा आतड्याकडचा खालचा भाग. तिथे लाली दिसली की बहुतेक वेळा ‘माइल्ड गॅस्ट्रायटिस’ लिहिलं जातं. पण खरा दाह आहे की नाही, हे तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच नक्की कळतं. लाल दिसणाऱ्या अस्तराची बायोप्सी नॉर्मल येऊ शकते आणि गुलाबी, निरोगी दिसणाऱ्या जठरात दाह सापडू शकतो. म्हणून छातीतल्या जळजळीचं खापर या लालीवर फोडण्यात अर्थ नाही. लाली कशामुळे आली असेल, हे विचारणं जास्त कामाचं. इथे डायक्लोफेनॅक समोरच आहे. दुसरा संशयित म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. त्याचा आणि जठराच्या दाहाचा, अल्सरचा संबंध दाखवल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ चं नोबेल मिळालं.

त्याच जिवाणूची चाचणी म्हणजे आरयूटी. दुर्बिणीतून काढलेला अस्तराचा बारीक तुकडा युरिया असलेल्या पिवळ्या माध्यमात ठेवतात. जिवाणू असेल तर तो युरियाचं विघटन करून अमोनिया तयार करतो आणि पिवळा रंग गुलाबी होतो. पॉझिटिव्ह आली तर उपचार ठरलेला असतो : अँटिबायोटिक्ससह साधारण १४ दिवसांचा कोर्स, आणि तो संपल्यावर निदान चार आठवड्यांनी जिवाणू गेला की नाही याची पुन्हा चाचणी. निगेटिव्ह आली तर मात्र एक गोष्ट तपासायची. पँटोप्रॅझोलसारखी औषधं चालू असताना जिवाणूंची संख्या घटते आणि चाचणी चुकून निगेटिव्ह येते. म्हणून ती औषधं दोन आठवडे आणि अँटिबायोटिक्स चार आठवडे आधी बंद असावी लागतात. या बाईंची गोळी आदल्या दिवसापर्यंत चालू होती. त्यामुळे हे ‘निगेटिव्ह’ भरवशाचं नाही, आणि सगळ्या रिपोर्टमध्ये पाठपुरावा करण्यासारखी ओळ हीच.

त्यासाठी दुर्बीण पुन्हा घालावी लागत नाही. शौचाची अँटिजेन चाचणी किंवा युरिया ब्रेथ टेस्ट चालते, तीही गोळी दोन आठवडे थांबवून. पण डायक्लोफेनॅक चालू ठेवून पोटाचं रक्षण करणारी गोळी तेवढी बंद करणं धोक्याचं आहे. गुडघ्यांसाठी दुसरं काय घेता येईल हे डॉक्टरांशी बोलून आधी ठरवायला हवं. चाचणी झाल्यावर पँटोप्रॅझोल पुन्हा सुरू करायची तर जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. जेवणानंतर घेतली तर तिचा उपयोग कमी होऊ शकतो. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी उरकावं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंमीचे ठोकळे ठेवावेत. नुसत्या उशा वाढवल्या तर मान तेवढी वर येते आणि पोट दुमडून दाब उलट वाढतो.

शेवटची पडताळणी रिपोर्टची नाही, तक्रारींची. घास अडकणं, काळी शौच, प्रयत्न न करता घटलेलं वजन, वारंवार उलट्या किंवा कमी झालेलं हिमोग्लोबिन, यांतलं काहीही असेल तर सौम्य गॅस्ट्रायटिस आणि दोन सेंटिमीटरचा हर्निया हे त्याचं पुरेसं उत्तर ठरत नाही. तेव्हा रिपोर्ट सौम्य आहे म्हणून घरी थांबायचं नाही. हीच तक्रार डॉक्टरांसमोर पुन्हा मांडायची, आणि बायोप्सी घेतली होती का, घेतली असेल तर तिचा रिपोर्ट आला का, हे विचारायचं.