सुट्टीवर जाताना मेलच्या ‘ऑटो-रिप्लाय’मध्ये काय लिहावे आणि काय टाळावे?

गणपतीला गावी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, बॅग भरायची राहिलेली असताना, घाईघाईत उरकायचे शेवटचे काम म्हणजे ऑफिसच्या मेलवर ‘मी रजेवर आहे’ असे उत्तर लावणे. समजा, चाकणच्या एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात लेखा विभागात काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याने हा मजकूर लिहिला:

‘नमस्कार, मी गणपतीनिमित्त १२ ते २० सप्टेंबर सहकुटुंब गावी मालवणला जात आहे. तिथे नेटवर्क नसते. पुरवठादारांची बिले आणि पेमेंट या काळात माझे सहकारी अमुक पाहतील, त्यांचा मोबाइल अमुक. ते नवीन आहेत, कृपया सांभाळून घ्या. फार तातडीचे असेल तर आमच्या मॅनेजरना अमुक नंबरवर फोन करा.’

हेतू चांगला आहे, भाषाही नम्र आहे. मात्र हे उत्तर फक्त ओळखीच्या पुरवठादारांना जात नाही. त्या पत्त्यावर मेल पाठवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ते आपोआप जाते, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

भामट्याला त्यातून काय मिळते?

कंपन्यांना खोट्या मेलद्वारे फसवण्याच्या प्रकाराला ‘बिझनेस ईमेल कॉम्प्रोमाइज’ म्हणतात. त्यात नेहमी व्हायरस लागतो असे नाही, अनेकदा माहिती पुरते. एखादा साधा ‘दरपत्रक हवे होते’ असा मेल टाकला की वरचे उत्तर परत येते. पैसे कोण देते, ती व्यक्ती किती दिवस नाही, तिच्याशी संपर्क होणार नाही, तिच्या जागी कोण आहे, तो नवीन आहे आणि त्याचा नंबर काय, हे सगळे एका मेलमध्ये हातात पडते. घर किती दिवस बंद आहे, हेही कळते.

पुढचा मेल त्या नव्या सहकाऱ्याला येतो. एखाद्या खऱ्या पुरवठादाराच्या नावाने, पत्त्यात एखादेच अक्षर बदललेले. ‘मॅडमशी रजेवर जाण्याआधी बोलणे झाले होते, आमचे बँक खाते बदलले आहे, थकीत रक्कम नव्या खात्यात टाका.’ मॅडमना विचारायची सोय नाही, कारण मालवणला नेटवर्क नाही. ही गोष्ट भामट्यालाही माहीत आहे, आणि ती त्याला मॅडमनीच कळवली आहे.

मग काय ठेवायचे?

बाहेरच्या माणसाला खरे तर दोनच गोष्टी हव्या असतात: उत्तर कधी मिळेल आणि तोवर कोणाला विचारायचे. रजेचे कारण, गावाचे नाव, सोबत कोण आहे, यातले काहीही त्याच्या उपयोगाचे नाही.

तारखेत एक खाच आहे. ‘२० तारखेपर्यंत रजेवर’ म्हटले की २० ला माणूस कामावर आहे की नाही, हा गोंधळ राहतो. त्यामुळे रजा कधी संपते ते न लिहिता पुन्हा कामावर कधी ते लिहावे, आणि वारासकट: ‘सोमवार, २१ सप्टेंबर’. महिना अक्षरात लिहिलेला बरा. ५/९ हा आकडा पुण्यात ५ सप्टेंबर असतो, तर अमेरिकेतल्या ग्राहकाला तो ९ मे वाटतो.

पर्यायी संपर्कासाठी शक्यतो व्यक्तीपेक्षा विभागाचा सामाईक पत्ता द्यावा. तो दोघे-तिघे पाहतात, त्यामुळे एक जण आजारी पडला तरी मेल पडून राहत नाही आणि बदली कोण, हे बाहेर कळत नाही. असा पत्ता नसेल तर सहकाऱ्याचा ऑफिसचा मेल द्यावा. खासगी मोबाइल नको. अर्थात त्याला आधी विचारून. त्याचीही रजा त्याच आठवड्यात नाही ना, हे पाहणे सणाच्या दिवसांत फारच गरजेचे. दोघांच्या ऑटो-रिप्लायमध्ये एकमेकांचीच नावे असल्याचा अनुभव अनेक ग्राहकांनी घेतला असेल.

या हिशेबाने बाहेरच्यांसाठीचा मजकूर एवढाच उरतो:

‘नमस्कार, आपला मेल मिळाला. मी सध्या कार्यालयात नाही. सोमवार, २१ सप्टेंबरपासून आपल्याला उत्तर देईन. त्याआधी मदत हवी असल्यास accounts@example.com वर लिहावे.’

‘लेखा विभाग’ हे शब्दही इथे मुद्दाम घातलेले नाहीत. पत्त्यावरून जेवढे कळते तेवढे पुरे. कंपनीतल्या लोकांसाठी मात्र बदली सहकाऱ्याचे नाव आणि एक्स्टेन्शन नंबर द्यायला हरकत नाही.

दोन वेगळे मजकूर कसे लावायचे?

आउटलुकमध्ये ही सोय आहे. `Automatic replies` सुरू केल्यावर कंपनीतल्यांसाठी एक चौकट मिळते आणि `Send replies outside your organization` निवडले की बाहेरच्यांसाठी दुसरी. बाहेरचे उत्तर फक्त आपल्या कॉन्टॅक्ट यादीतल्यांनाच जावे, असाही पर्याय आहे. तो सुरक्षित आहे. पण नव्या ग्राहकाला मग काहीच उत्तर जात नाही. विक्री विभागाला हे परवडणार नाही, लेखा विभागाला परवडेल.

जीमेलमध्ये `Settings` मधून `See all settings`, मग `General` टॅबच्या तळाशी `Vacation responder` सापडतो. इथे मजकुराची चौकट एकच असते, म्हणून तिच्यात बाहेरच्यांसाठीचाच मजकूर टाकावा आणि सहकाऱ्यांना वेगळा मेल करून ठेवावा.

जीमेलमध्ये दोन चुका हमखास होतात. पहिली `Last day` या रकान्यात. तिथे कामावर परतण्याची तारीख टाकली तर त्या दिवशी रात्री ११.५९ पर्यंत उत्तरे जात राहतात. म्हणजे माणूस खुर्चीत बसलेला आणि मेल सांगतो, ‘मी नाही’. आपल्या उदाहरणात तिथे २० सप्टेंबर हवे. रकाना रिकामा सोडला तर आपण बंद करेपर्यंत उत्तर सुरूच राहते. दुसरी चूक लक्षातही येत नाही: मेलची नेहमीची सिग्नेचर या उत्तराखाली आपोआप चिकटते. मजकुरातून मोबाइल नंबर काढला, पण सिग्नेचरमध्ये तो पद आणि विभागासह तसाच राहिला, तर मेहनत फुकट.

म्हणून निघण्याआधी चाचणी घ्यावी. सुरुवातीची तारीख आजची ठेवून स्वतःच्या खासगी पत्त्यावरून एक मेल पाठवायचा आणि आलेले उत्तर तळापर्यंत वाचायचे. दुसऱ्यांदा उत्तर आले नाही तर बिघाड समजू नये. जीमेल एकाच व्यक्तीला साधारण चार दिवसांत एकदाच हे उत्तर पाठवते. मजकूर बदलला की पुन्हा पाठवते. स्पॅममध्ये गेलेल्या मेलला आणि मेलिंग लिस्टवरून आलेल्या मेलला ते जात नाही. पण नीट बेतलेला खोटा मेल स्पॅममध्ये जाईलच, याची खात्री नसते.

राहता राहिला तो बदली सहकारी. त्याला दोन गोष्टी लेखी देऊन ठेवाव्यात. रजेच्या काळात कोणत्याही पुरवठादाराचे बँक खाते बदलायचे नाही, असा मेल आला तर २१ तारखेपर्यंत बाजूला ठेवायचा. आणि थांबणे शक्यच नसेल तर मेलमधल्या नंबरवर नव्हे, तर जुन्या बिलावर छापलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची. एवढे करूनही रक्कम चुकीच्या खात्यात गेलीच, तर रजेवरच्या मॅडमची वाट न पाहता लगेच आपल्या बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.